लाइट गेली असेल, तर दोन दाबा

मुरबाडहून कर्जतकडे जाताना लागणारं म्हसा हे गाव आपल्याला माहीत आहे ते पौष पौर्णिमेच्या म्हसोबाच्या यात्रेमुळे आणि तिथल्या बैलबाजारामुळे. आज मात्र त्या गावातली पावसाळ्यातली एक रात्र डोळ्यांपुढे आणू. वारा सुटलाय, झाडाची फांदी तारेवर आलीय, घरात काळोख आणि फोनची बॅटरी संपत आलेली. वीज मंडळाला, म्हणजे आताच्या महावितरणला, कळवायचं तर 1912 हा क्रमांक आहे, 1800-212-3435 हाही आहे. अशा कोणत्याही क्रमांकावर आधी बोलतं ते यंत्र: अमुक हवं असेल तर हे बटण, तमुक हवं असेल तर ते. ही वाक्यं मराठीत कशी असावीत, एवढाच आजचा विषय. उदाहरणं मी नमुन्यादाखल रचलेली आहेत, ती कोणत्याही कंपनीच्या ध्वनिफितीतून उचललेली नाहीत. माझं म्हणणं असं की ही वाक्यं इंग्रजी यादीवरून भाषांतरित करू नयेत. फोन करणाऱ्यावर जो प्रसंग आलाय, तिथून ती लिहायला घ्यावीत.

यादीवरून आलेलं वाक्य बहुधा असं असतं: ‘आपल्या परिसरातील विद्युत पुरवठा खंडित झाल्याबाबतची तक्रार नोंदविण्याकरिता कृपया एक हा अंक दाबा.’ तेरा शब्द. कागदावर त्यात चूक काढता येणार नाही, पण कानाला ते वाचता येत नाही, मागे जाऊन पुन्हा पाहता येत नाही. ऐकणारा प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारत असतो: हे माझं काम आहे का? त्याचं उत्तर या वाक्यात चौथ्या-पाचव्या शब्दाला मिळतं आणि पुढचे चार शब्द तो आकड्याची वाट बघत बसतो. ‘लाइट गेली असेल, तर दोन दाबा’ हे वाक्य सहा शब्दांचं आहे. काम काय ते पहिल्या दोन शब्दांत कळतं, आकडा शेवटाला येतो आणि त्याच्यामागोमाग बोट चालतं. इंग्रजीत आकडा आधी सांगायची खोड लागते, मग काम कळेपर्यंत आकडा विसरतो. मराठीत क्रियापद आपोआप शेवटी येत असल्याने हा क्रम आपल्याला फुकट मिळालाय. तो भाषांतरात घालवू नये.

‘च्यासाठी एक दाबा’ हा साचाही सरसकट वापरू नये. ‘बिलासाठी सात दाबा’ मोठ्याने म्हणून पाहा. साठी आणि सात एकमेकांना चिकटतात. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो आणि ‘स’चा सीत्कार बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून सात, आठ आणि साठ यांची फोनवर गल्लत होते. ‘असेल, तर’ म्हटलं की ‘तर’पाशी जीभ थोडी थांबते आणि आकडा मोकळा ऐकू येतो. शिवाय साधा फोन असेल तर बटण दाबायला तो कानापासून खाली घ्यावा लागतो, स्मार्टफोनवर आकड्यांची पाटी उघडावी लागते. म्हणून प्रत्येक पर्यायानंतर सेकंदभर तरी शांतता हवी आणि बोलणं चालू असताना दाबलेलं बटणही यंत्राने स्वीकारायला हवं.

मग म्हशाच्या त्या घरासाठी यादी अशी होईल: ‘तार तुटून पडली असेल, तर एक दाबा. लाइट गेली असेल, तर दोन दाबा. बिलाचं काम असेल, तर तीन दाबा. माणसाशी बोलायचं असेल, तर नऊ दाबा.’ चारच पर्याय. तार पहिली, कारण तिथे जिवाला धोका आहे आणि तो फोन थेट माणसाकडे गेला पाहिजे. नऊचा अर्थ पुढच्या प्रत्येक पायरीवर तोच राहावा. दोन दाबल्यावर एकच प्रश्न: ‘फक्त तुमच्या घरची लाइट गेली असेल, तर एक दाबा. शेजारचीही गेली असेल, तर दोन दाबा.’ वायरमनला घराचा फ्यूज बघायचा की डीपी, याचा निम्मा उलगडा इथेच होतो.

यावर पहिला आक्षेप सरकारी भाषेच्या प्रतिष्ठेचा. ‘लाइट’ हा काय मराठी शब्द झाला? ‘वीज’ म्हणा, ‘रोहित्र’ म्हणा. वीज शब्दाला माझी ना नाही, बिलावर तो शोभतो. पण वादळी रात्री ‘वीज’ म्हणजे आभाळातलीही असते आणि ‘वीज पडली’ याचा अर्थ कोणालाही सांगावा लागत नाही. ‘तार पडली’च्या शेजारी ‘वीज गेली’ ठेवलं की घाबरलेल्या माणसाचा गोंधळ होऊ शकतो. रोहित्राला गावात डीपी म्हणतात, ऐकणाऱ्याने शब्दकोश उघडावा अशी ही वेळ नव्हे. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: शहापूर-मुरबाडमध्ये ठाकर आहेत, कातकरी आहेत, मग त्यांच्या बोलीत का नको? हवं की, बोलणारा माणूस तिकडचा असेल तर उत्तमच. पण प्रत्येक बोलीची वेगळी फीत ठेवली की सुरुवातीलाच भाषा निवडण्याची आणखी एक पायरी वाढते. लाइट, तार, बिल या शब्दांवर बेतलेली साधी मराठी पुष्कळ घरांत पोचते, त्यामुळे आधी ती नीट करावी.

तिसरा आक्षेप आजचा: बटणं कशाला, माणसाला बोलू द्या, यंत्र ओळखेल. गुजरातमधल्या शेतकऱ्यांसाठी ‘आवाज ओटलो’ नावाची फोनसेवा उभी राहिली होती. तिथे बोलून आणि बटण दाबून अशा दोन्ही पद्धतींची तुलना झाली, 2009 साली ती प्रसिद्ध झाली आणि काम पुरं करण्यात बटणं सरस ठरली. यंत्रांचे कान तेव्हापासून सुधारलेत, हे मान्य. तरी पत्र्यावर पाऊस वाजत असताना बटणाचा सूर शब्दापेक्षा खात्रीने पोचतो.

आकड्यांचं प्रकरण मात्र खरोखर अवघड आहे. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी. काळोखात बिल शोधून तो दाबा म्हणणं म्हणजे तक्रार नको म्हणण्यासारखंच. मोबाइल नोंदवलेला असेल तर यंत्राने तो ओळखावा आणि क्रमांक विचारूच नये. विचारावाच लागला तर ‘शेवटी हॅश दाबा’ कशाला? बारा आकडे झाले की यंत्राला कळतंच. परत वाचून दाखवताना ‘अठ्ठ्याहत्तर’ नको, ‘सात, आठ’ असं सुटं, तीन-तीनच्या गटाने वाचावं. तुकडे जोडून बोलणाऱ्या यंत्राला मराठी आणखी एका ठिकाणी अडवते. इंग्रजीत वीस आणि एक जोडून एकवीस होतो, आपल्याकडे नव्याण्णवपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा ध्वनिमुद्रित करावा लागतो. गावाच्या नावाला ‘त’ चिकटवला की नाव मोडतं, कारण शहापूरचं ‘शहापुरात’ होतं. त्यावर उपाय सोपा: ‘गाव म्हसा. तालुका मुरबाड.’ वाक्य तुटक झालं तरी चालेल.

हे सगळं जमलं की नाही ते कागदावर कळत नाही. फीत खऱ्या फोनवरून ऐकवावी आणि ऐकणाऱ्याला ‘समजलं का?’ असं विचारू नये, कारण लोक भिडेने हो म्हणतात. ‘शेजारचीही लाइट गेलीय, आता तक्रार द्या’ एवढंच सांगावं आणि बोट कुठे जातं ते पाहावं. सेवा सुरू झाल्यावर यंत्राची नोंदवही बोलते. पहिल्याच यादीत फोन कापले जात असतील तर यादी लांब आहे. काही न दाबता वेळ संपत असेल तर बहुधा आकडा ऐकू येत नाहीये. आणि तीन दाबून बिलाकडे गेलेली माणसं नऊ दाबून लाइटची तक्रार सांगत असतील, तर तिसऱ्या वाक्यापेक्षा दुसरं वाक्य आधी तपासावं.