पोर कुठे आहे, कोणाबरोबर आहे?

गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वही मिटली, की जो विषय हमखास निघतो, त्यावर आज बोलायचं आहे. मुलगा शाळेत जातो म्हणून घरून निघतो आणि शाळेत पोहोचत नाही. खिशात पैसे दिसतात. शेजारची सांगते, तुमचा मुलगा भरदुपारी बोईसर स्टेशनवर दिसला. मग सगळ्याजणी म्हणतात, "एवढं गुणी पोर बिघडलं कसं गं?"

अमेरिकेतले ट्रॅव्हिस हर्षी नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी हा प्रश्न उलटा करून विचारला. झटपट पैसा, फुकटची वस्तू, मजा यांचा मोह सगळ्याच पोरांना होतो. तरीही बहुतेक पोरं चोरी करत नाहीत. का करत नाहीत? त्यांना अडवतं कोण? 1969 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की मुलाला सगळ्यात जास्त अडवतात ती त्याची माणसं. या विचाराला सामाजिक नियंत्रणाचा सिद्धांत म्हणतात.

नाव जड आहे, पण आतली गोष्ट आपल्या ओळखीची आहे. मुलाला चार बंध धरून ठेवतात. पहिला जिव्हाळ्याचा, म्हणजे आईला, बाबांना, बाईंना काय वाटेल याची मुलाला पर्वा असणं. दुसरा, गमावण्यासारखं काहीतरी हातात असणं. दहावी झाली की आयटीआयला जायचंय, असं ज्याला वाटतं, तो पोलिसांच्या लफड्यात पडायला कचरतो. तिसरा, दिवसाचा वेळ अभ्यासात, खेळात, कामात गुंतलेला असणं. आणि चौथा, नियम पाळायला हवा हे मनापासून पटलेलं असणं. हे बंध सैल झाले म्हणजे पोर वाईट वागेलच असं नाही. पण वाईट वागायला ते मोकळं होतं.

हर्षींनी हे नुसतं मनाने लिहिलं नाही. कॅलिफोर्नियात रिचमंड नावाचं शहर आहे. तिथल्या भागातल्या चार हजारांहून जास्त शाळकरी मुलांकडून प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली होती. त्यात दोन प्रश्न अगदी साधे होते. तू घराबाहेर असतोस तेव्हा कुठे आहेस, हे आईला माहीत असतं का? आणि कोणाबरोबर आहेस, हे माहीत असतं का? ज्या मुलांनी "हो, बहुतेक वेळा माहीत असतं" असं लिहिलं, त्यांच्यात चोऱ्यामाऱ्या, मोडतोड, मारामाऱ्या कमी होत्या. मुलाला नुसतं कुठल्या तरी कामात किंवा छंदात अडकवून ठेवण्याचा मात्र हर्षींना वाटला होता तितका उपयोग दिसला नाही. आपण पटकन म्हणतो, "क्लास लावा, कामाला लावा, म्हणजे सुधारेल." तेवढ्याने भागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर एमआयडीसीत किंवा शेतावर, आम्हाला कसं कळणार पोर कुठे आहे? नीट ऐका. मोहाच्या वेळी आई शेजारी उभी असते, असं हर्षी म्हणतच नाहीत. ती कुणाच्याच शेजारी नसते. प्रश्न असा आहे की त्या वेळी ती मुलाच्या मनात असते का. "घरी गेल्यावर आई विचारेल, आणि मला सांगावं लागेल," असं त्याला वाटलं, तर आई तारापूरच्या कारखान्यात असूनही त्याच्याजवळ असते. पण आईला काही कळतच नाही, किंवा कळलं तरी काही फरक पडत नाही, असं त्याला वाटत असेल, तर ती घरात बसलेली असूनही लांब असते.

पुढे 2000 साली स्वीडनमधल्या स्टॅटिन आणि केर या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आईवडिलांना मुलाचं जे काही माहीत असतं, ते येतं कुठून? उलटतपासणी करून किंवा बंधनं घालून येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ते मुलाने आपणहून सांगितल्यामुळे येतं. म्हणजे खरा आधार पाळतीचा नाही, सांगण्याचा आहे. पोर सांगायचं बंद झालं, की आईला माहीत असणंही बंद होतं.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते आपल्याच एका ताईंच्या उदाहरणावरून सांगते. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, फक्त नाव घ्यायचं नाही. या ताई बोईसरला चाळीत राहतात आणि एका कंपनीत पॅकिंगला जातात. सकाळी साडेसातला घर सोडायचं, यायला रात्रीचे साडेआठ. नवरा टेम्पोवर, दोन-दोन दिवस बाहेर. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत.

दिवाळीनंतर त्यांना काही गोष्टी खटकायला लागल्या. मुलाच्या वहीत शेवटची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. मोबाईलचा रिचार्ज तो स्वतःच मारायला लागला. पण ताईंच्या मनाला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आधी हा मुलगा भाकरी थापताना शेजारी बसून शाळेतल्या गमती सांगायचा. आता काही विचारलं की "काही नाही" एवढंच. वही आणि पैसे ही नंतरची खूण. "काही नाही" ही पहिली खूण.

पुढे कळलं, की तो आणि आणखी दोन पोरं भंगार गोळा करतात. सुरुवात रिकाम्या बाटल्यांपासून झाली होती. मग एका बंद शेडमधली तांब्याची वायर. भंगारवाला कुठून आणली हे विचारत नव्हता, शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवत होता.

नवरा पट्टा काढून उभा राहिला. ताईंनी त्याला थांबवलं. पोराची कीव आली म्हणूनच नव्हे. मार बसला असता तर पोराने त्या रात्री सगळं कबूल केलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून काहीच सांगितलं नसतं. त्यांनी विचारलं, "शाळेत का जात नाहीस?" बऱ्याच वेळाने तो बोलला. गणित येत नाही. सर फळ्याजवळ बोलावतात, मुलं हसतात, मग वर्गाबाहेर उभं राहावं लागतं.

हर्षींनी ही साखळी अशीच लिहिली आहे. अभ्यास जमत नाही, म्हणून शाळा नकोशी होते. शाळा नकोशी झाली, की शिक्षकांना काय वाटेल याची पर्वा संपते. ती पर्वा संपली, की शाळेच्या नियमांचा धाक उरत नाही. चोरी या साखळीची शेवटची कडी आहे आणि आपण नेमकं तिथेच पट्टा उगारतो.

ताईंनी नोकरी सोडली नाही, सोडणं परवडणारंच नव्हतं. सुट्टीच्या वारी त्या वर्गशिक्षिकेला भेटल्या आणि एकच मागितलं: पोर अकरापर्यंत आलं नाही, तर मला मिस्ड कॉल द्या. शाळा सुटल्यावर चावी घ्यायला शेजारच्या मावशींकडे जायचं ठरलं, म्हणजे तो आला की नाही हे मावशींना कळतं. संध्याकाळच्या चहाच्या सुट्टीत त्या तीन मिनिटं फोन करतात. अभ्यास केलास का, असं पहिल्यांदा विचारत नाहीत. आज काय झालं, असं विचारतात. त्या दोन पोरांना त्यांनी एकदा घरी जेवायला बोलावलं, त्यांची नावं आणि घरं माहीत करून घेतली. गणितासाठी गटातल्या एकीची बारावीतली मुलगी आठवड्यातून दोनदा बसते. आणि त्या स्वतः भंगारवाल्याकडे जाऊन सांगून आल्या, की माझ्या पोराकडून काही घेतलंत तर मी पोलिसांत जाईन.

पहिल्या महिन्यात मुलाने तीनदा दांडी मारली. दुसऱ्या महिन्यात एकदा. गणित अजून कच्चंच आहे. दोघांपैकी एकाची संगत सुटली, दुसऱ्याची नाही. संगतीचा जोर हर्षींनी मानला त्याहून जास्त असतो, असं पुढच्या अभ्यासांतही दिसलं. पण तो आता भाकरी थापताना शेजारी येऊन बसतो.

शाळेचा बंध जोडण्याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. या बायांनी मुलांना दोष दिला नाही. जिथे गुरं चरत, तिथेच शाळा नेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. लहानग्यांसाठी वस्तीच्या अंगणातच अंगणवाडी भरवली. मूल शाळेला धरत नसेल, तर शाळेनेही चार पावलं चालायला हवं, हे त्यांनी करून दाखवलं. वर्गाबाहेर उभं केलेलं पोर पाहिलं की मला हे आठवतं.

काहीजण म्हणतील, गरिबाघरची पोरं अशीच निघायची. अमेरिकेत बॉस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली एक हजार मुलं अभ्यासली गेली होती. त्यातली पाचशे सुधारगृहात गेलेली आणि पाचशे न गेलेली. सॅम्पसन आणि लॉब या दोघांनी ती जुनी कागदपत्रं पुन्हा तपासली आणि 1993 साली पुस्तक लिहिलं. गरिबीचा परिणाम बराचसा घरातून होतो, असं त्यांना दिसलं. गरिबीने आईबापांचा वेळ आणि धीर खाल्ला, देखरेख सुटली, शिक्षा मारझोडीची झाली, माया आटली, तर पोर घसरतं. त्याच वस्तीत, तेवढ्याच पैशात जिथे हे तिन्ही सांभाळलं गेलं, तिथे धोका कमी होता. म्हणून बाईला दोष देऊ नका. तिच्या पाळीच्या वेळेत पोराकडे बघणारं कोण आहे, ते विचारा.

आणि एखादं पोर पकडलं गेलंच, तर? बाल न्याय कायदा 2015 सालचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असायला हवा, आईवडिलांना कळवायला हवं आणि चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे न्यायला हवं. मंडळ समज देऊन, समुपदेशन लावून मुलाला घरी पाठवू शकतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. मुलाचं नाव वा फोटो छापायला मनाई आहे, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरवू नका. मदतीसाठी 1098 हा नंबर लिहून ठेवा.

या महिन्याच्या बैठकीत एक करा. वही मिटण्याआधी प्रत्येकीने सांगायचं: या घडीला माझं पोर कुठे आहे आणि कोणाबरोबर आहे. जिला सांगता येणार नाही, तिला हसायचं नाही. तिच्या घराजवळ राहणारी दुसरी सदस्य कोण, ते तिथल्या तिथे ठरवायचं.