सेन्सेक्स वाढला, म्हणजे नेमकं काय वाढलं?

मागे गावी, महागावला गेलो होतो. टीव्हीवर पट्टी चालू होती, सेन्सेक्स वधारला. काका म्हणाले, "अरे, बाजार वर आहे म्हणतात, मग माझे शेअर खाली कसे?"

तर बघा, सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या फक्त ३० मोठ्या कंपन्या. १९७८-७९ ची पातळी १०० धरून त्यांचा आकडा काढतात. पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. प्रवर्तकांकडचे शेअर सोडून जे बाजारात फिरतात, त्यांची एकूण किंमत जितकी मोठी, तितकं त्या कंपनीचं वजन जास्त.

आता हिशोब करू. समजा, एका कंपनीचं वजन १२ टक्के आहे आणि तिचा भाव ५ टक्के वाढला. निर्देशांकात भर पडली ०.६० टक्के. उरलेल्या २९ कंपन्या प्रत्येकी अर्धा टक्का पडल्या. त्यांचं मिळून वजन ८८ टक्के, म्हणजे घट ०.४४ टक्के. निव्वळ वाढ ०.१६ टक्के. सेन्सेक्स ८०,००० वर असेल, तर १२८ अंकांनी वर! ३० पैकी २९ पडल्या, तरी पट्टी हिरवीच.

काकांचे शेअर तर छोट्या कंपन्यांचे, त्या तिसात नव्हतेच. आणि आपल्या कापसाचा भाव त्यात थेट कुठेच मोजला जात नाही. म्हणून पट्टी हिरवी दिसली की आधी बघा, वाढलेले शेअर किती आणि पडलेले किती. बाजार किती पसरून वाढला, ते तिथं कळतं.