एप्रनच्या फोटोखाली काय लिहावे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गिरणीत काम करणारा माणूस. विहाराच्या फळ्यावर मी लिहितो, म्हणून बॅनरचा, पत्रिकेचा मजकूर असला की लोक माझ्याकडे घेऊन येतात. यंदा मात्र वेगळाच मजकूर आला. आपल्या वस्तीतल्या एका मुलीला एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला. कॉलेजात तिला पांढरा एप्रन घालण्याचा कार्यक्रम झाला, त्याला व्हाईट कोट सेरेमनी म्हणतात. त्या फोटोखाली काय लिहायचे हे विचारायला ती आली. म्हणाली, "काका, घरच्यांचे आभार मानायचेत, पण मी मोठी झाले असा वास यायला नको." पोरीचा प्रश्न लाखमोलाचा आहे. आपल्या घरांतून अजून मुले-मुली या वाटेने जाणार आहेत, म्हणून आज त्याच प्रश्नावर बोलतो.

आधी हा कार्यक्रम काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्नोल्ड गोल्ड नावाचे लहान मुलांचे डॉक्टर शिकवीत होते. डॉक्टरीची शपथ शिक्षण संपल्यावर देतात, ती फार उशिरा होते, असे त्यांचे म्हणणे होते. रोग्याशी कसे वागायचे हे शिकायला लागतानाच सांगितले पाहिजे, म्हणून त्यांनी १९९३ साली पहिल्या वर्षाच्या मुलांना कोट घालून शपथ देण्याचा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे २०१९ साली एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हापासून सुरुवातीच्या दिवसांत हा कार्यक्रम करण्याची पद्धत वाढली. कुठे प्राध्यापक एप्रन घालतात, कुठे आईवडिलांना बोलावून त्यांच्या हातून घालून घेतात.

म्हणजे बघा, हा कार्यक्रम शिक्षण सुरू होतानाचा आहे, संपल्याचा नाही. पुढे साडेचार वर्षे अभ्यास, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी. त्यानंतर नावामागे 'डॉ.' लागते. हे आपल्या लोकांना ठाऊक नसते. एप्रन दिसला की आपण डॉक्टर म्हणून मोकळे होतो.

आता तिने लिहून आणलेला पहिला मजकूर वाचून दाखवतो. तिच्या परवानगीने वाचतो आहे, नाव तेवढे गाळले आहे.

"अखेर डॉक्टर झाले! झोपडपट्टीतून, अडाणी आईवडिलांच्या पोटी जन्म घेऊन, कोणाच्याही मदतीशिवाय, ओपन मेरिटमधून! आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर. बाबांनी व्याजाने पैसे काढले, ताईने माझ्यासाठी शिक्षणाचा त्याग केला. जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही."

पोरीच्या मनात काही वाईट नाही. असे मजकूर मोबाईलवर रोज फिरतात, त्यातलीच ही वाक्ये आहेत. पण हे वाचणार कोण? वस्तीच्या ग्रुपवर आपण सगळे आहोत. तिच्याच बरोबर आपल्या अभ्यासिकेत बसलेली आणखी तीन मुले आहेत. त्यातल्या एकाने नीटची परीक्षा तीनदा दिली आणि आता तो फार्मसीला आहे. त्याची आई हे वाचणार. "जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही" या वाक्याचा तिच्या घरात काय अर्थ होतो? तुमच्या पोराला जिद्द नव्हती, असाच ना? लिहिणारीने त्याचे नावही घेतलेले नाही, तरी लागायचे तिथे लागले.

म्हणून मी तिला म्हटले, एकेक शब्द उचलून बघू.

"डॉक्टर झाले" हे आज खरे नाही. तिथे खरी ओळ घालायची, एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाचा एप्रन मिळाला. मोबाईलवर लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, तेव्हा जे खरे आहे ते पहिल्याच ओळीत पाहिजे.

"कोणाच्याही मदतीशिवाय" आणि पुढे लगेच बाबांनी पैसे काढले, ताईने त्याग केला. मग मदत झाली की नाही? शिवाय तिने अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला आहे. तीही मदतच, आणि ती कोणाच्या लढ्यातून आली हे या सभागृहात सांगायला नको.

"ओपन मेरिटमधून" हा शब्द तर फार जपून वापरायचा. मार्क चांगले पडले, जागा ओपनमधून मिळाली, आनंद आहे. पण आभाराच्या मजकुरात तो शब्द कशाला? वाचणाऱ्या दहा घरांतली मुले राखीव जागेवर शिकली आहेत. ती जागा हक्काची आहे, कमीपणाची नाही. ज्याला राखीव जागा मिळाली त्याने तसे मोकळेपणी लिहावे, ज्याला ओपनमधून मिळाली त्याने मिरवू नये. मार्कांचेही तसेच. मार्क विचारणाऱ्याला सांगावेत, फोटोखाली टांगू नयेत.

"वस्तीतली पहिली" म्हटले की बाकी सगळे मागे पडतात. "आमच्या घरातून पहिल्यांदा कोणी मेडिकलला गेले" म्हटले तर बोलणे आपल्या घरापुरते राहते. दोन्ही वाक्ये खरी असतील, पण एकात शेजाऱ्याला मोजले जाते, दुसऱ्यात नाही.

आता राहिले "अडाणी आईवडील" आणि "त्याग". इथे मला बाबासाहेबांच्या एका ग्रंथाची आठवण झाली. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' निघाला. तो त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला आहे. रमाई १९३५ सालीच गेल्या होत्या. त्या अर्पणपत्रिकेत रमाईला गरीब बिचारी म्हटलेले नाही, की शिक्षण नव्हते असाही उल्लेख नाही. तिचे मन, तिचा स्वभाव, तिचे चारित्र्य यांचे मोल सांगितले आहे. हालअपेष्टांचा उल्लेख आहे, पण ते दिवस एकट्या तिचे म्हणून येत नाहीत, दोघांच्या वाट्याला आलेले म्हणून येतात, आणि त्या दिवसांत ती सोबत उभी राहिली हे सांगितले आहे. जगातला एवढा शिकलेला माणूस आभार मानताना स्वतः वर चढून बसत नाही, शेजारी बसतो. 'अडाणी' हा शब्द लिहिला की लिहिणारा आपोआप वर जातो. 'साधे', 'फक्त', 'बिचारे' हे शब्दही तेच काम करतात. "बाबा साधे रिक्षावाले" यातला 'साधे' काढून टाका, वाक्य ताठ उभे राहते.

मी तिला म्हटले, माणसाचे वर्णन करू नकोस, त्याने काय केले ते लिही. आणि लिहिण्याआधी ज्याच्याविषयी लिहितेस त्याला वाचून दाखव. ती घरी गेली. आई म्हणाली, "पोळ्यांची कामं करते हे लिही की, त्यात लाज कसली?" बाबा म्हणाले, "व्याजाच्या पैशाचं नको लिहू, ते माझं मी बघीन." आणि ताई? ती बारावीनंतर डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त कामाला लागली. मजकूर ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी सोडलं असं नको लिहूस. मी कमावलं असं लिही. आणि मी अजून बी.ए. करणार आहे."

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'त्याग' म्हटले की ताईचे शिक्षण संपले असा शिक्का चारचौघांत बसतो, आणि आयुष्यभराचे ओझे दोघींवरही चढते. 'तिच्या पगारातून फी भरली' म्हटले की ताईचे काम दिसते आणि तिची पुढची वाट मोकळी राहते.

शेवटी ठरलेला मजकूर असा आहे:

"आज एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाचा एप्रन मिळाला. शिकायला आता सुरुवात झाली. बाबा रात्रपाळीची रिक्षा करून आल्यावर मला सकाळच्या क्लासला सोडायचे. आई पोळ्यांच्या कामावरून आली तरी माझा अभ्यास संपेपर्यंत जागी असायची. दोन वर्षांची क्लासची फी ताईच्या पगारातून भरली. शेजारच्या काकूंनी दुपारी अभ्यासाला त्यांची खोली दिली. अभ्यासिकेत आम्ही चौघांनी एकाच संचातली पुस्तके वाटून वाचली, एकमेकांना शिकवले. मीही मन लावून अभ्यास केला. तुम्हा सर्वांची आभारी आहे."

यातले "आम्ही चौघांनी" हे शब्द बघा. फार्मसीला गेलेला मुलगा त्यात आहे. त्याला धीर दिलेला नाही, की त्याची कीव केलेली नाही. त्याने तिला रसायनशास्त्र शिकवले होते, तेवढे खरे सांगितले आहे. आणि "मीही मन लावून अभ्यास केला" हे वाक्य तिने गाळले होते, ते मी घालायला लावले. मी कोणीच नाही, सगळे तुमचेच, असे फार वाकून लिहिले की तेही खोटे वाटते. कष्ट केले तर एका ओळीत सांगावे आणि पुढे जावे.

फोटोचेही दोन शब्द. तिने घरच्यांबरोबरचा फोटो निवडला, त्यात ताई शेजारी उभी आहे. वॉर्डात किंवा पेशंटजवळ काढलेला फोटो टाकायचा नाही, हे तिला मी बजावले. आजारी माणूस कोणाच्या आनंदाची पार्श्वभूमी नसतो.

एवढे करूनही कोणाला खुपणार नाही असे नाही. ज्याच्या घरात यंदा निकाल वाईट लागला, त्याला कुठलाही फोटो दुखतोच. मजकुराने ते दुःख जात नाही, पण मजकुराने ते वाढू नये एवढे आपल्या हातात आहे. कळव्याला ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथलेच छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. आपल्यातले कितीजण स्लो लोकलने तिथे जाऊन केसपेपरच्या रांगेत उभे राहिले आहेत! उद्या अशा रांगेपलीकडच्या टेबलावर आपलीच मुले बसतील. आज फोटोखालच्या चार ओळींत शेजाऱ्याशी बरोबरीने बोलता आले, तर त्या टेबलावरूनही तसेच बोलता येईल.

तो मुलगा आणि त्याची आई आज इथे बसली आहेत. ग्रुपवर त्या मजकुराखाली पहिले अभिनंदन त्याच माऊलीने लिहिले, हे सांगून मी माझे दोन शब्द पुरे करतो.

जयभीम! नमो बुद्धाय!