नसबंदीने मुलाला समज येत नाही

कुटुंब नियोजनाची सभा आटोपली, की जुन्नर-आंबेगावकडच्या गावांतून एखादी आई हळूच विचारते, "थोरला बुद्धीने मंद आहे. आता मिसरूड फुटलंय. चारचौघांत चड्डीत हात घालतो. त्याची नसबंदी केली तर थांबंल का?"

नाही, थांबणार नाही. नसबंदीत बीज वाहून नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद करतात. अंडकोष जागच्या जागी राहतात. त्यामुळे इच्छा, ताठरपणा, झोपेत वीर्य जाणे, सगळे पहिल्यासारखेच राहते. फक्त मूल होत नाही.

शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, मूल होणे बंद करणारा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वखुशीच्या व समजून दिलेल्या संमतीवाचून करता येत नाही. आईबापांनी ठरवले, एवढे पुरत नाही. 1994 साली आपल्या शेजारच्या शिरूरच्या संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा त्याविरुद्ध मोठा आवाज उठला होता.

मग करायचे काय? शिकवायचे. समजा, तुमचा सतरा वर्षांचा मुलगा ओट्यावर बसून असा चाळा करतो आहे. मारू नका, हसूही नका. मारले तर तो लपून करील आणि पुढे दुखले-खुपले तरी सांगणार नाही. शांतपणे एकच वाक्य म्हणा, "इथं नाही, न्हाणीत, दार लावून." हात धरून तिथे न्या व तुम्ही बाहेर या. घर एकाच खोलीचे असले, तरी न्हाणीला पडदा लावता येतो. आजी, काका, बहीण, सर्वांनी हेच वाक्य म्हणावे. प्रत्येकाचे बोलणे वेगळे झाले, तर तो गोंधळतो.

ओट्यावर शिकलेले त्याला एस.टी. स्टँडवर आपोआप सुचत नाही. तिथे पुन्हा शिकवावे लागते. काही आठवडे, कधी काही महिने लागतात. एकांतात केल्याने अशक्तपणा येत नाही, ही भीती सोडा.

अंघोळीच्या वेळी बापाने शिश्नाची कातडी अलगद मागे घेऊन धुवायला व परत पुढे आणायला शिकवावे. पायाने किंवा हाताने अधू मुलाला धुताना आधी "धुऊ का?" असे विचारावे. म्हणजे आपल्या अंगाला न विचारता कोणी हात लावू नये, हे त्याला कळते, आणि कोणी लावला तर तो सांगतो.

हा चाळा एकाएकी फार वाढला, तर आधी खाज, सूज, लघवीची जळजळ आहे का ते पाहा. असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. एखाद्या माणसाला पाहून तो घाबरू लागला, तर त्याच्यावर रागावू नका. जवळ बसून विचारा.