सो वरसनां थजो

(कोपरगाव येथे एका विवाहसमारंभात भोजनोत्तर केलेले भाषण. ज्ञातिबांधवांच्या आग्रहावरून ते या स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे. उभय कुलांची नावे त्यांच्या इच्छेवरून गाळली आहेत.)



आशीर्वादपर चार शब्द बोलण्याचा मान आम्हांस दिला गेला, तो आमच्या विद्वत्तेमुळे नव्हे. वराचे चुलते या नात्याने आम्ही घरचेच आहोत, आणि आमची दोन तपे येथील एका गुजराती व्यापाऱ्यांच्या आडत दुकानी वह्या लिहिण्यात गेली असल्यामुळे ती भाषा आमच्या कानांस परिचित आहे. कन्यापक्ष सुरतेचा, वरपक्ष गोदाकाठचा. या दोन गावांचा संबंध नवा नाही. ज्या रघुनाथरावांनी १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी तह केला, त्यांचे अखेरचे दिवस आपल्या कोपरगावात गेले आणि १७८३ साली त्यांचा अंतही येथेच झाला. त्या तहाने घरात कलह वाढला. आजचा तह मात्र अंतरपाटाच्या साक्षीने झालेला आहे, तेव्हा तो शब्दाच्या गैरसमजाने बिघडू नये, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

प्रसंग असा घडला. वधूवर पाया पडावयास गेले तेव्हा वधूच्या पितामहींनी, ज्यांना त्यांच्या घरी सर्वजण 'बा' म्हणतात, दोघांच्या मस्तकांवर हात ठेवून मोठ्याने म्हटले, "बेउ सो वरसनां थजो." आमच्या पंगतीतील एक वयोवृद्ध मातोश्री ते ऐकून चपापल्या. त्यांनी शेजारणीस विचारले, "शंभर वर्षे 'ना' असे का गं म्हणाली ही बाई?" शेजारणीने तिच्या शेजारणीस विचारले, आणि भाताची मूद संपण्यापूर्वी ही शंका पंगतीच्या दुसऱ्या टोकास पोहोचली. मंगल कार्यात 'ना' हा शब्द कोणासही रुचत नाही. मातोश्रींचा दोष नाही. मराठी कानास तो शब्द तसाच ऐकू येणार. म्हणून ते वाक्य आपण शब्दशः सोडवून पाहू.

पहिला शब्द 'बेउ'. तो आपण सर्वांनी बालपणी घोकलेला आहे. 'बे एके बे, बे दुणे चार' यांतील 'बे' म्हणजे दोन. 'बेउ' म्हणजे दोघेही. 'सो' म्हणजे शंभर. 'वरस' म्हणजे वर्ष. आपल्या खेड्यांतील माणसे आजही 'वरीस' म्हणतात, ते याच्या किती जवळचे आहे पाहा.

आता तो वादग्रस्त 'ना'. तो स्वतंत्र शब्द नाहीच. आपण ज्या ठिकाणी 'चा, ची, चे' लावतो, त्या ठिकाणी गुजराती 'नो, नी, नुं' लावते. रामचा घोडा तो त्यांचा 'रामनो घोडो', रामचे घर ते 'रामनुं घर'. तेव्हा 'वरसनां' म्हणजे 'वर्षांची'. नकाराचा त्यात लवलेशही नाही.

राहिला 'थजो'. 'थवुं' म्हणजे होणे. त्यास लागलेला 'जो' समजण्यास एक सोपी वाट आहे. गुजराती घरातून निघताना 'आवजो' असे शब्द आपण सर्वांनी ऐकले असतील. निघणाऱ्यास 'या' कसे म्हणतात, असे नवख्यास वाटते. पण आपणही निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. त्यांच्या भाषेत 'आवो' म्हणजे आत्ता या, आणि 'आवजो' म्हणजे पुढे केव्हातरी या. हा 'जो' क्रियेस पुढच्या काळात नेतो, म्हणून आज्ञा सौम्य होऊन तिची इच्छा बनते. आमच्या विहीणबाई हसत आहेत, आणि अकोल्याहून आलेल्या आमच्या मावशी मान डोलावीत आहेत. कारण त्यांच्या वऱ्हाडातही 'येजो', 'सांगजो' असेच म्हणतात.

तेव्हा सबंध वाक्याचा मराठी अर्थ असा : "दोघेही शंभर वर्षांची व्हा." एकही शब्द वाढविलेला नाही, एकही गाळलेला नाही. दोन भाषा इतक्या जवळ असल्यावर भाषांतरकाराचे काम ते काय उरते?

परंतु एक सूक्ष्म गोष्ट उरते, आणि तीत या आशीर्वादाचे मर्म आहे. बा 'वरसना' म्हणाल्या नाहीत, 'वरसनां' म्हणाल्या. शेवटी नाकातून किंचित उच्चार आहे, लेखनात एक अनुस्वार आहे. एका मुलास आशीर्वाद देताना 'सो वरसनो थजे' म्हणतात, मुलीस 'सो वरसनी थजे'. अनेक पुरुषांस 'सो वरसना थजो'. स्त्री व पुरुष दोघे मिळून असतील तर गुजराती भाषा कोणा एकाचे लिंग दोघांवर लादीत नाही. ती नपुंसकलिंगी अनेकवचन वापरते, आणि त्याची खूण म्हणजे 'नां' वरील हा अनुस्वार.

आपल्याकडेही तीच रीत आहे. 'मामा आले', 'मामी आली'. पण 'मामा-मामी दोघे आली', असे आपण सहज म्हणतो. ही 'आली' एकट्या मामींची नव्हे. हिंदीत नपुंसकलिंग उरलेले नाही. मराठी व गुजराती या दोघी बहिणींनी ते जपून ठेवले आहे. जुन्या मराठी लेखनात आपणही येथे अनुस्वार देत होतो, 'दोघे शंभर वर्षांचीं व्हा' असे लिहीत होतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपल्या लेखनातील असे अनुच्चारित अनुस्वार गेले. गुजरातीत तो लिहिण्यात आणि बोलण्यातही राहिला आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. केवळ अनुस्वार ऐकून कोणी 'हा आशीर्वाद दोघांसच' असा निर्णय करू नये. वडील स्त्रीविषयी आदर दाखविताना गुजराती माणूस 'बा आव्यां' असे, म्हणजे हाच अनुस्वार लावून बोलतो. शिवाय भरभर बोलताना तो पुष्कळांच्या तोंडी पुसटही होतो. मग निश्चय कशाने करावा? पहिल्या शब्दाने. 'बेउ' उच्चारला की शंकेस जागा राहत नाही. बांनी तो मुद्दाम प्रथम उच्चारला.

मुद्दाम म्हणण्याचे कारण सांगतो. वधूस देण्याचा त्यांच्याकडील रूढ आशीर्वाद निराळा आहे : "तारो चूडी-चांदलो अखंड रहेजो." चूडी म्हणजे आपला चुडा आणि चांदलो म्हणजे कपाळीचे कुंकू, चंद्राप्रमाणे वाटोळे, म्हणून चांदलो. (याच शब्दाचा लग्नात दिल्या जाणाऱ्या रोख आहेरासही उपयोग होतो. तेव्हा दाराशी वही घेऊन बसलेल्या गृहस्थांनी 'चांदलो' म्हटले तर आपण कपाळ पुढे करू नये!) आपला चुडा हिरव्या काचेचा, त्यांचा पूर्वी हस्तिदंताचा असे, पण दोहोंचा अर्थ एक. आपल्या बायका बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. त्यांच्याकडे 'नंदवाई' म्हणतात. अशुभ शब्द टाळण्याची काळजी दोन्ही घरी सारखीच आहे.

तो आशीर्वादही थोर आहे. परंतु त्यात वधूकडे पाहून मागितले जाते ते पतीचे आयुष्य. फेरे झाल्यावर सुवासिनी एकामागून एक वधूच्या कानाशी लागून पुटपुटत होत्या, त्यांचे बोलणे काय, असे आपल्यापैकी अनेकांनी आम्हांस विचारले. त्या तिला शंकर-पार्वतीचे सौभाग्य, इंद्र-इंद्राणीचे सौभाग्य चिंतीत होत्या. घरोघरी जोड्यांची नावे थोडीफार बदलतात. हा मान सुवासिनींचा. बांचे पती निवर्तल्यास पुष्कळ वर्षे झाली. त्या वेळी त्या भिंतीशी खुर्चीवर बसून होत्या. नात त्यांची, तिला लहानाची मोठी केली त्यांनी, आणि तिच्या कानाशी जाण्याचा अधिकार मात्र त्यांस नव्हता. कोणी त्यांस दूर बसा म्हणाले नाही. रीत त्यांची त्यांनाच ठाऊक होती.

पुढे नात पाया पडावयास आली. चूडी-चांदल्याचे वाक्य त्यांच्या ओठांवर आले असेल, नसेल, आम्ही जाणत नाही. त्यांनी जे निवडले ते आपण ऐकले. त्यांनी एकट्या पतीचे आयुष्य मागितले नाही, एकट्या नातीचेही मागितले नाही. 'बेउ' म्हणून दोघांस एका शब्दात बसविले आणि दोघांसाठी एकच शंभरी मागितली. मागे कोणी उरू नये, अशी ती मागणी आहे. एकटे उरणे म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले आहे, त्यांनाच ती अशी मागता येते. हे वाक्य कानाशी पुटपुटण्याचे नव्हते, म्हणून त्यांनी ते सर्वांसमक्ष मोठ्याने म्हटले. आणि आम्हांस त्यात 'ना' ऐकू आला!

आमच्या मातोश्रींस हा अर्थ आम्ही मघाशीच सांगितला. त्यांचेही कुंकू पुसून बरीच वर्षे झाली आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. हात धुऊन त्या उठल्या आणि बांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्या दोघींत एकीस मराठी येत नाही आणि दुसरीस गुजराती येत नाही. तरी मघापासून त्यांचे काही बोलणे चालले आहे, ते आपण सर्वजण पाहतच आहात.

आता आपणांस एक विनंती. मंडळी निघतील तेव्हा वधूवरांस निरोप देताना प्रत्येकाने बांचेच वाक्य म्हणावे. मराठीत म्हटले तरी चालेल. पण गुजरातीत म्हणावयाचे असेल तर 'बेउ' गाळू नये आणि शेवटच्या 'नां' मध्ये नाकास थोडे श्रम द्यावेत. चला, एकदा सर्वांनी आमच्यामागून म्हणा :

बेउ सो वरसनां थजो.

दोघेही शंभर वर्षांची व्हा.