पोथीचं पत्र आणि फोटोचा नंबर



अध्यक्षीय भाषणात लिपीचा उगम आणि ग्रंथपरंपरेचा गौरव असावा अशी अपेक्षा असते. ते काम इथे बसलेल्यांपैकी बरेच जण माझ्याहून चांगलं करतील. मला बोलायचं आहे ते पोथीचे फोटो काढल्यापासून संहिता टाइप होऊन एकत्र येईपर्यंतच्या टप्प्याबद्दल. एखादं अक्षर चुकीचं वाचलं गेलं, तर पुढचा अभ्यासक फोटो बघून ते दुरुस्त करतो. पण एक पृष्ठ गळालं असेल तर कुठला फोटो बघायचा, हेच त्याला कळत नाही.

समजा, दासबोधाच्या सुरुवातीच्या काही दशकांची पोथी आहे. सुटी, आडवी ४८ पत्रं. आपल्याकडच्या पोथ्यांत पत्रांक बहुधा पत्राच्या मागच्या बाजूला असतो: डाव्या समासात वर ग्रंथाच्या नावाच्या एक-दोन अक्षरांसह आणि उजव्या समासात खाली, पुष्कळदा 'राम' किंवा 'श्री' लिहून. म्हणजे दर्शनी बाजू बिननंबरी. तिला आपण 'अ' म्हणू आणि नंबर असलेल्या पाठीला 'ब'. पोथी उघडून वरचं आणि खालचं पृष्ठ एकाच फोटोत घेतलं की वर येतं ११ब आणि खाली १२अ. नंबर मात्र एकच दिसतो, ११. नवखा टाइपिस्ट दोन्ही पृष्ठं अकराव्या पत्रावर घालतो. म्हणून माझा आग्रह असतो की एका फोटोत एकच पृष्ठ घ्या. वेळ जास्त जातो, जाऊ द्या.

४८ पत्रं, म्हणजे ९६ फोटो. ९६ भरले, कोरी पृष्ठंही घेतली आहेत. हिशोब जुळला म्हणून पोथी फडक्यात बांधली. इथेच घात होतो. फोटो काढणाऱ्याकडून ११ब सुटलं आणि ३०अ हलल्यासारखं वाटलं म्हणून दोनदा घेतलं गेलं, तरी बेरीज ९६च येते. मग ओळखायचं कसं? पहिल्या फोटोत १अ असेल, तर प्रत्येक विषम फोटोत 'अ' आणि प्रत्येक सम फोटोत 'ब' यायला हवं. म्हणजे पत्रांक फक्त सम फोटोंत दिसला पाहिजे. आपल्या पोथीत २१व्या फोटोत ११अ आहे, पण २२व्यात ११ब नाही, १२अ आहे. तिथून पुढे पत्रांक विषम फोटोंत दिसू लागतो: २३व्यात बारा, २५व्यात तेरा, असं ५७व्यात एकोणतीसपर्यंत. ५८ आणि ५९ या दोन्हींत ३०अ. ६०व्या फोटोत ३०ब येतं आणि गाडी रुळावर येते. सगळे फोटो लहान आकारात एका पडद्यावर मांडून नुसते समास पाहत गेलं, तरी हे दहा मिनिटांत कळतं. पोथी परत करण्यापूर्वी हे करायचं. नंतर पुन्हा परवानगी, पुन्हा प्रवास.

हे तेव्हा निसटलं, तर दुसरी चाचणी ओव्यांची. दासबोधात प्रत्येक समासाच्या ओव्यांना एकपासून नंबर असतात. ११अ अठराव्या ओवीच्या मध्यात संपतं आणि पुढच्या फोटोतलं पृष्ठ अठ्ठाविसाव्या ओवीच्या मध्यात सुरू होतं. टाइप करणाऱ्यानं दोन अर्धुकं जोडली की कधीकधी अर्थ लागणारी, कुठेच अस्तित्वात नसलेली ओवी तयार होते. पृष्ठ बदलल्याची खूण तिथे नसेल, तर ती ओवी पाठभेद म्हणून छापलीही जाईल.

आता ती खूण. ती पृष्ठाच्या शेवटी नव्हे, नव्या पृष्ठाच्या पहिल्या अक्षराआधी घालायची, आणि पृष्ठ कोरं असलं तरी घालायची. खुणेत दोन गोष्टी हव्यात: पृष्ठाचा पत्ता आणि फोटोची फाइल. टीईआय पद्धतीत ती अशी दिसते:

```
परमा<pb n="24ब" facs="dasbodh_0048.jpg" break="no"/>र्थ
```

लेखनिक शब्द तोडून पुढच्या पृष्ठावर जातो, म्हणून खूण शब्दाच्या पोटात आली आहे. तिच्या आजूबाजूला जागा सोडलेली नाही आणि `break="no"` म्हणजे शब्द इथे तुटलेला समजू नये. कुणी 'परमा', मग खूण, मग नव्या ओळीवर 'र्थ' असं टाइप केलं, तर पुढे 'परमार्थ' शोधताना हे स्थळ सापडणार नाही. शब्द सलग दिसावा म्हणून खूण शब्दाच्या पुढे ढकलणारेही आहेत. मला ते मान्य नाही, कारण मग 'र्थ' कुठल्या पृष्ठावर आहे याची चुकीची नोंद राहते.

पत्ता आणि फाइलचा नंबर हे दोन वेगळे आकडे आहेत, ते वेगळेच ठेवा. कॅमेरा `DSC_9999` नंतर पुन्हा `DSC_0001` वर येतो आणि नावानुसार लावल्यास पोथीचा उत्तरार्ध आधी येतो. शून्यं न लावता नावं दिली तर काही यंत्रांवर `page10` हे `page2` च्या आधी बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की मूळ नावच जातं. म्हणून कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली जशाच्या तशा एका ठिकाणी ठेवाव्यात, प्रतींना चार अंकी नावं द्यावीत आणि मूळ नाव, नवं नाव, पत्ता अशी तीन रकान्यांची यादी करावी. दोनदा घेतलेला फोटोही पुसायचा नाही. यादीत त्यापुढे 'दुबार' लिहायचं.

संकेतांचं थोडक्यात सांगतो. पाच जणांत पृष्ठं वाटली की एक जण चौकोनी कंसात न वाचलेलं अक्षर टाकतो, दुसरा त्याच कंसात स्वतः सुचवलेलं. एकत्र केल्यावर दोन्ही कंस सारखेच दिसतात आणि कुठलंही 'शोधा-बदला' त्यांना वेगळं करू शकत नाही. सगळे फोटो पुन्हा पाहावे लागतात. तेव्हा सर्वांनी पहिली तीच दहा पृष्ठं टाइप करावीत, समोरासमोर ताडावीत आणि मग वाटणी करावी. हरताळ लावून खोडलेलं, समासात नंतर भरलेलं, कीड लागून गेलेलं, अस्पष्ट: प्रत्येकाला एकच खूण आणि एका खुणेचा एकच अर्थ. मध्येच नवा प्रकार निघाला तर खूण सगळ्यांसाठी ठरवायची, आणि कुठल्या पृष्ठापासून लागू झाली ते तारखेसह लिहून मागची पृष्ठं तपासायची.

शेवटचा मुद्दा वादाचा आहे. लेखनिकही चुकतो. २३ब नंतरच्या पत्राच्या पाठीवर २५ असतं, २४ नसतंच. पत्र हरवलं का? २३ब चौदाव्या ओवीवर संपून पुढचं पृष्ठ पंधराव्यानं सुरू होत असेल, तर काही हरवलेलं नाही, लेखनिकानं आकडा गाळला आहे. मधल्या वीसेक ओव्या नसतील, तर पत्र गेलं आहे आणि तिथे २४अ व २४ब यांच्या खुणा 'पत्र अनुपलब्ध' अशा नोंदीसह घालाव्यात. एकच आकडा दोन पत्रांवर असेल, तर १७ आणि १७ द्वितीय म्हणावं. काही मित्र अशा वेळी सगळी पत्रं सरळ नव्यानं मोजून तेच आकडे पत्ता म्हणून वापरतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. गेल्या पिढीतल्या सूचीत, जुन्या लेखांच्या तळटिपांत लेखनिकाचाच आकडा आलेला असतो, आणि पोथी हातात घेणाऱ्याला समासात तोच दिसणार असतो. सलग मोजणी हवी असेल तर यादीत चौथा रकाना करा. या मुद्द्यावर दुपारच्या सत्रात माझ्याशी भांडायला मोकळीक आहे.