महिना तीन टक्क्यांचा हिशेब



हल्ली निवृत्त माणसाच्या मोबाइलवर एक जाहिरात हमखास येते. ऑप्शन विका आणि घरबसल्या महिन्याला तीन ते पाच टक्के मिळवा. खाली कुणाच्या तरी खात्याचं चित्र असतं आणि त्यात ओळीने हिरवे आकडे असतात. ते आकडे खोटे असतात असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा ते खरे असतात, आणि माझ्या मते धोका तिथेच आहे.

ऑप्शन विकणं म्हणजे दुसऱ्याचा विमा उतरवणं. हप्ता आधी हातात पडतो, दावा पुढे केव्हातरी येतो. त्यातला एकच प्रकार आज घेऊ, निफ्टीचा पुट विकणं. आणि महिनाही एकच घेऊ, मार्च 2020.

27 फेब्रुवारी 2020, गुरुवार. निफ्टी 11,633 वर बंद झाला. समजा त्या दिवशी आपण 26 मार्चला संपणारा 10,800 चा पुट विकला. म्हणजे आपण असं लिहून दिलं की निफ्टी 10,800 च्या खाली जेवढा जाईल, तेवढा फरक आम्ही देऊ. बाजारापासून हा आकडा सात टक्के खाली आहे, म्हणून सुरक्षित वाटतो. प्रीमियम हिशेबापुरता 50 रुपये धरा. तेव्हा निफ्टीचा लॉट 75 चा होता, म्हणजे 3,750 रुपये हातात आले. त्यासाठी ब्रोकरकडे अडकलेलं मार्जिन सोयीसाठी सव्वा लाख धरू. सव्वा लाखावर 3,750 म्हणजे बरोबर तीन टक्के. जाहिरातीतले तीन टक्के ते हेच. शांत बाजारात असा पुट बहुतेक महिन्यांत शून्यावर संपतो आणि प्रीमियम आपला होतो. सात-आठ महिने असं झालं की माणसाला वाटू लागतं, आपल्याला जमलं.

त्या वेळी मात्र दुसऱ्याच दिवशी, 28 तारखेला, निफ्टी 431 अंकांनी पडला. 12 मार्चला तो 9,590 वर आला. म्हणजे आपल्या पुटची किंमत निदान 1,210 रुपये झाली. 50 ला विकलेली वस्तू परत घ्यायला 1,210 मोजायचे. लॉटमागे तोटा 87,000 च्या वर गेला. इथे आणखी एक गोष्ट घडते, ती जाहिरातीत कधीच नसते. बाजार हेलकावे खाऊ लागला की एक्स्चेंज मार्जिन वाढवतं. आपली रक्कम आटत असताना मागणी वाढत जाते, आणि पैसे भरता आले नाहीत तर ब्रोकर पोझिशन कापतो. तो कापतो तेव्हा भाव आपल्या सोयीचा नसतो.

ज्यांनी आणखी पैसे भरून पोझिशन धरून ठेवली, त्यांनी 23 मार्चचा सोमवार पाहिला. दहा टक्के घसरणीचं सर्किट लागलं, पाऊण तास व्यवहार थांबले, आणि दिवसअखेर निफ्टी 1,135 अंक गमावून 7,610 वर बंद झाला. ‘पण स्टॉपलॉस लावला असेल ना?’ असं कुणीतरी विचारेलच. स्टॉपलॉस म्हणजे अमुक भावाला बाहेर काढ असा निरोप. बाजार तो भाव ओलांडून, मोठी गॅप टाकून उघडला, तर तो निरोप पुढच्या मिळेल त्या भावाला पाळला जातो, किंवा पाळलाच जात नाही.

26 मार्चला निफ्टी 8,641 वर बंद झाला. 10,800 वजा 8,641 म्हणजे 2,159. गुणिले 75, आणि त्यातून मिळालेला प्रीमियम वजा केला की तोटा 1,58,175 रुपये. सव्वा लाख तर गेलेच, वर तेहतीस हजार देणं. आता याला 3,750 ने भागा. बेचाळीस महिन्यांहून जास्त येतात. एका महिन्याने साडेतीन वर्षांची कमाई नेली. ज्याने 2017 ते 2019 चं खातं तुम्हाला दाखवलं, त्याने एकही आकडा खोटा दिला नव्हता. त्याच्या तीन वर्षांत हा महिना नव्हता, एवढंच.

आता उत्पन्नाकडे येऊ. तीन टक्के निघाले कारण आपण सव्वा लाखाने भागलं. पण जबाबदारी किती रकमेची घेतली होती? 10,800 गुणिले 75, म्हणजे 8,10,000 रुपयांची. तेच 3,750 या रकमेने भागा, महिन्याला अर्ध्या टक्क्यालाही थोडं कमी येतं. जाहिरातीची सगळी जादू या छेदात आहे. जबाबदारी आठ लाखांची आणि भागाकार सव्वा लाखाने.

जो माणूस एका लॉटमागे खरोखर आठ लाख बाजूला ठेवतो, त्याचा मार्चमधला तोटा साडेएकोणीस टक्के होतो. दुखतं, पण तो पुढच्या महिन्यात उभा असतो. दहा वर्षांत असा एकच महिना आला आणि बाकीचे 119 महिने प्रीमियम पूर्ण मिळाला असं धरलं, तर सरासरी महिन्याला 2,400 रुपये पडतात. आठ लाखांवर हे 0.3 टक्के झाले. हाही उदार हिशेब आहे, कारण मधल्या आकाराचे तोटे आपण धरलेच नाहीत. बाजूला ठेवलेल्या रकमेवर मुदत ठेवीसारखं व्याज मिळेल, ते वेगळं. दोन्ही मिळून महिन्याला पाऊण टक्क्याच्या आसपास जातं, आणि त्यातून ब्रोकरेज, एसटीटी आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे प्राप्तिकर निघायचा आहे.

पाऊण टक्का हा आकडा माझ्या एका उदाहरणावर उभा नाही. अमेरिकेत शिकागोच्या सीबीओई एक्स्चेंजचा पुटराइट नावाचा निर्देशांक आहे. दर महिन्याला एस अँड पी 500 चा पुट विकायचा, आणि पूर्ण जबाबदारीची रक्कम सरकारी ट्रेझरी बिलांत ठेवायची, हा त्याचा नियम. 1986 ते 2018 या काळात त्याचा वार्षिक परतावा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होता, व्याज धरून. शेअर नुसते धरून ठेवणाऱ्यालाही जवळपास तेवढंच मिळालं. चढउतार मात्र पुट विकणाऱ्याला कमी सोसावे लागले, आणि या धंद्याचा खरा लाभ तो आहे. तरीही त्या निर्देशांकाने एकदा सुमारे तेहतीस टक्क्यांची घसरण पाहिली.

उलट बाजूला व्हिक्टर नीडरहॉफर. नावाजलेला फंड मॅनेजर, वर्षानुवर्षांचा दांडगा परतावा. त्याने थोड्या भांडवलावर एस अँड पीचे पुट भरपूर विकले होते. 27 ऑक्टोबर 1997 ला अमेरिकन बाजार सुमारे सात टक्के पडला आणि त्याचा फंड त्या एका दिवसात बुडाला. म्हणजे हुशारी कमी पडते म्हणून हे घडतं, असंही नाही.

आपल्याकडचा अलीकडचा दाखला हवा असेल तर जून 2024 चे दोन दिवस बघा. 3 तारखेला मतदानोत्तर चाचण्यांवर निफ्टी 733 अंकांनी चढला, कॉल विकणारे पोळले. 4 तारखेला निकाल लागले, निफ्टी 1,379 अंकांनी पडला, पुट विकणारे पोळले. दोन्ही बाजूंना विकून ‘बाजार कुठेही जावो, आपल्याला काय’ म्हणणारे तर दोन्ही दिवशी सापडले.

मार्च 2020 च्या आपल्या उदाहरणात 10,800 च्या खाली 10,300 चा पुट विकत घेऊन तोट्याला तळ घालता येतो, आणि विकायचंच असेल तर मी तसंच विका म्हणेन. त्या पुटला 25 रुपये पडले असं धरलं तर जास्तीत जास्त तोटा 35,625 वर थांबतो. पण हातात उरतात 1,875 रुपये. तीन टक्क्यांची जाहिरात करणारे हा प्रकार मागे ठेवतात, त्याचं कारण एवढंच.

नोव्हेंबर 2024 पासून सेबीने नव्या निर्देशांक करारांचं किमान मूल्य पंधरा लाख केलं आहे. म्हणजे एक लॉट प्रामाणिकपणे विकायलाही तेवढी रक्कम हाताशी हवी. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला महिना तीन टक्के दाखवले, तर त्याच्याकडे दोनच गोष्टी मागा: कोणत्या रकमेने भागलं ते, आणि मार्च 2020 व जून 2024 या दोन महिन्यांचं ब्रोकरचं मूळ विवरण. दोन्ही मिळाल्याशिवाय निवृत्तीच्या पैशातला एक रुपयाही तिकडे देऊ नका.